झुल्यावरचा पेंटर, एक कप्पी आणि तुटलेल्या दोऱ्या

प्रश्न: "अकरावीत आहे. न्यूटनचे नियम पाठ आहेत, फॉर्म्युले पण येतात, तरी कप्पी-दोरीचे प्रॉब्लेम आले की इक्वेशन चुकतं. सर म्हणतात आधी चित्र काढ, एफबीडी काढ. पण चित्र काढून नक्की काय होतं? परीक्षेत तेवढा वेळ कुठे असतो?"

मी सोलापुरात सात रस्त्याजवळ अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो. तू सांगतोस तो प्रकार माझ्यासमोर दरवर्षी होतो, म्हणून एकच प्रॉब्लेम घेऊन नीट सांगतो, त्यातच तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत.

मागे दिवाळीच्या आधी क्लाससमोरच्या बिल्डिंगला रंग चालू होता. वर गच्चीच्या कठड्याला बाहेर काढलेला पाइप, त्याला एक कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीचं एक टोक खाली फळीला बांधलेलं आणि फळीवर पेंटर उभा. दुसरं टोक त्याच्याच हातात, म्हणजे तो स्वतःच स्वतःला वर ओढून घ्यायचा. पोरं खिडकीतून बघत होती, मी म्हटलं चला हाच प्रॉब्लेम. माणूस 60 किलो, फळी 20 किलो, g धरा 10, दोरीला आणि कप्पीला वजन नाही, कप्पी एकदम गुळगुळीत. माणूस दोरी धरून स्थिर आहे, तर त्याला किती जोर लावावा लागतो?

जवळजवळ सगळ्या वर्गाने अर्ध्या मिनिटात लिहिलं, दोरीतला ताण T = 800. एकूण वजन 80 किलो, दोरीने धरलंय, म्हणून 800 न्यूटन. हे उत्तर चूक आहे, आणि ते फॉर्म्युला माहीत नसल्याने चुकलेलं नाही, F = ma सगळ्यांना येत होतं. चुकलं ते हे, की "कोणावरचा" फोर्स मोजतोय ते कोणी ठरवलंच नव्हतं.

आता चित्र. मी दोन चित्रं काढायला लावतो आणि ती वेगळी ठेवायची. पहिलं परिस्थितीचं, म्हणजे समोर जे दिसतंय ते, पाइप, कप्पी, दोरी, फळी, काडीचा माणूस. ते सुंदर नको, पण त्यात कोण कोणाला टेकलंय किंवा बांधलंय ते दिसलं पाहिजे. आपल्या प्रॉब्लेममध्ये पाय फळीला टेकलेत, हात दोरीला, फळी दोरीला, दोरी कप्पीला, कप्पी पाइपला. हे पाच स्पर्श सोडून फोर्स यायला दुसरी जागाच नाही, फक्त पृथ्वी एकटी न टेकता ओढते.

दुसरं एफबीडी, म्हणजे एकाच वस्तूवर लागणाऱ्या फोर्सचं चित्र. त्यासाठी पेन्सिलीने एक तुटक रेषा काढायची, ज्याचा हिशोब करायचाय त्याच्या भोवती. ही रेषा म्हणजे कुंपण समज. पहिल्यांदा कुंपण माणूस आणि फळी दोघांना मिळून घाल. आता त्या रेषेवरून बोट फिरवत जा आणि बघ कुठे कुठे रेषा काहीतरी कापते. फळीला बांधलेली दोरी कापली, तिथे वर जाणारा बाण, T. पुढे गेलं की माणसाच्या हातातली दोरी पण कापली! तिथे पण वर जाणारा बाण, आणि दोरी तीच आहे, कप्पी गुळगुळीत आहे, म्हणून तो पण T. खाली दोघांचं मिळून वजन 800. संपलं, अजून काही कापलं जात नाही, पाय आणि फळी यांच्यातला फोर्स कुंपणाच्या आतला आहे त्यामुळे तो या चित्रात येतच नाही. म्हणून 2T = 800, T = 400 न्यूटन.

पोरांचा जो 800 आला होता तो एक दोरी कापायची राहिल्यामुळे. इक्वेशनकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी ती दुसरी दोरी दिसत नाही, कारण ती इक्वेशनमध्ये आलेलीच नाही. कुंपणावर बोट फिरवलं की लगेच दिसते.

आता खरी मजा दुसऱ्या एफबीडीत आहे, फक्त माणसाच्या. कुंपण माणसाभोवती. त्याच्या जागी एक ठिपका काढला तरी चालतो. वजन 600 खाली. फळी पायांना वर ढकलते, तो N. आणि हात. इथे निम्मा वर्ग बाण खाली काढतो, आणि विचारलं की म्हणतात "सर, तो दोरी खाली ओढतोय ना". हो, तो दोरीला खाली ओढतो, पण तो बाण दोरीच्या चित्रातला. माणसाच्या चित्रात दोरी माणसाला काय करते ते हवंय, आणि दोरी त्याला वर ओढते. माझा नियम असा, की प्रत्येक बाणाशेजारी बारीक अक्षरात लिहायचं "कोणी कोणावर", उदाहरणार्थ "दोरीने माणसावर", "फळीने माणसावर", "पृथ्वीने माणसावर". दुसरा शब्द प्रत्येक वेळी तोच आला पाहिजे. "माणसाने दोरीवर" असं लिहायची वेळ आली की तो बाण इथला नाही, खोडून टाक. आणि "कोणी" याला नावच सापडत नसेल तर तो फोर्सच नाही, ma चा बाण पण असाच पकडला जातो, त्याला देणारा कोणी नसतो. एक्सलरेशन दाखवायचं असेल तर चित्राच्या बाजूला वेगळा बाण काढ, ठिपक्याला चिकटवू नको.

बरोबर चित्रावरून N + T = 600, म्हणजे N = 200. 60 किलोचा माणूस फळीवर फक्त 200 न्यूटनने दाबतोय, कारण बाकीचा भार त्याचा हातच उचलतोय. म्हणून "N म्हणजे mg" हे डोक्यातून काढून टाक, N किती ते चित्र सांगतं.

आता फळीचं तिसरं एफबीडी, पडताळा म्हणून. दोरीने फळीवर वर T, माणसाने फळीवर खाली N, पृथ्वीने खाली 200. T = N + 200, म्हणजे 400 = 200 + 200. जुळलं. दोन चित्रांवरून उत्तर काढायचं आणि तिसऱ्याने तपासायचं, हे मी कधी सोडत नाही.

आणि हाताचा बाण उलटा काढला असता तर काय झालं असतं ते पण करून बघ. माणसासाठी N = 600 + T. फळीसाठी T = N + 200. पहिलं दुसऱ्यात टाकलं की T = 800 + T, म्हणजे 0 = 800. असं काही निघालं की बेरीज-वजाबाकी पुन्हा पुन्हा तपासत बसू नको, बेरीज बहुतेक बरोबरच असते. चित्रातला एखादा बाण उलटा आहे किंवा चुकीच्या घरात गेलाय, तिथेच जाऊन बघ.

तो हलला तर? समज तो स्वतःला 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग एक्सलरेशनने वर ओढतोय. चित्रं तीच, एक बाण बदलत नाही, फक्त उजवीकडे शून्याच्या जागी ma येतो. दोघं मिळून: 2T − 800 = 80 × 0.5, म्हणजे T = 420. माणूस: N + 420 − 600 = 60 × 0.5, म्हणजे N = 210. फळी: 420 − 210 − 200 = 10, आणि 20 × 0.5 पण 10. इथे वेळेचा मुद्दा येतो. चित्रं काढायला सुरुवातीला दोन-तीन मिनिटं जातात, सवयीने एक मिनिट, पण त्याच प्रॉब्लेमचा ब आणि क भाग त्याच चित्रावर सुटतो. थेट इक्वेशन लिहिणारा प्रत्येक भागाला नव्याने विचार करत बसतो.

अजून एक गोष्ट चित्रातून कळते, ती म्हणजे कधी असं होऊच शकत नाही. फळी 20 ऐवजी 70 किलोची घे. 2T = 1300, T = 650, आणि N = 600 − 650 = −50. फळी माणसाला खाली ओढू शकत नाही, पाय काही फळीला चिकटवलेले नाहीत. म्हणजे उणे N चा अर्थ असा की माणूस फळीवरून उचलला जाईल आणि फळी जमिनीवरून हलणार नाही. पाय मोकळे असलेल्या माणसाला स्वतःपेक्षा जड फळी अशी उचलताच येत नाही. पुष्कळ पोरं उणे चिन्ह बघून घाबरतात आणि गुपचूप अधिक करतात, तसं करू नको. N उणे आला तर टेकलेलं सुटलंय, आणि T उणे आला तर दोरी ढिली पडलीय.

आता हे बघ, कारण हे त्या पेंटरने आमच्या डोळ्यांदेखत केलं. हव्या त्या उंचीवर गेल्यावर त्याने हातातली दोरी फळीलाच बांधून टाकली आणि ब्रश घेतला. मी वर्गाला विचारलं, आता दोरीतला ताण वाढला की कमी झाला? बरेच जण म्हणाले वाढला, कारण आता हाताची मदत नाही. मोठ्या कुंपणावर बोट फिरव. अजूनही दोनच दोऱ्या कापल्या जातात, वजन तेच 800, म्हणून T = 400 च. पण माणसाच्या कुंपणाने आता दोरी कापलीच जात नाही, म्हणून N = 600. म्हणजे दोरीला काही फरक पडला नाही, फरक पडला तो त्याच्या तळपायांना, 200 चे 600 झाले. फळी: 2T = 600 + 200, जुळतं.

आणि शेवटचं, हे स्वतः काढ. दुसरं टोक पेंटरच्या हातात नसून खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या मदतनिसाच्या हातात आहे असं धर, आणि एकदा कप्पीभोवती कुंपण घाल. पेंटर आणि फळीच्या कुंपणात आता एकच दोरी कापली जाते, T = 800, पण कप्पीच्या कुंपणात खाली ओढणाऱ्या दोन दोऱ्या आहेत, म्हणजे कप्पी धरणाऱ्या वरच्या हुकावर 1600 न्यूटन. पेंटर स्वतः ओढत होता तेव्हा त्याच हुकावर 800 होते. आणि मदतनीस 80 किलोपेक्षा हलका असेल तर तोच वर उचलला जाईल, का ते त्याच्या ठिपक्यावर बाण काढलास की कळेल. खऱ्या कप्पीत घर्षण असतं, तिथे दोन्ही बाजूंचा T सारखा राहत नाही, तेव्हा T1 आणि T2 अशी वेगळी नावं द्यायची, कुंपण आणि बोट मात्र तसंच फिरवायचं.