गच्चीवरून संध्याकाळ ते रात्र टाइमलॅप्स: उजेड फडफडतो आणि सातनंतर वेग दुप्पट होतो

प्रश्न: सोलापुरात आमच्या गच्चीवरून सिद्धेश्वर तळं, मंदिर आणि लांबवर गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे दिसतात. परवा ५ ते ८ कॅमेरा लावला. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, अ‍ॅपर्चर ८, आयएसओ १००, इंटरव्हल ५ सेकंद, किटची १८-५५ लेन्स. व्हिडिओत उजेड सारखा फडफडतो आणि सातच्या सुमारास सगळं अचानक दुप्पट वेगानं पळायला लागतं. इंटरव्हल नेमका कसा काढायचा? तळ्याकाठनं चालत हायपरलॅप्सही करायचाय. जाणकारांनी सांगावं.

उत्तर:

आधी दुप्पट वेगाचं बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. अंधार पडत गेला तसा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत तुमचा कॅमेरा शटर लांबवत गेला. अ‍ॅपर्चर ८ आणि आयएसओ १०० वर शहराच्या दिव्यांच्या उजेडात शटर सहज पाच-सहा सेकंदांवर जातं. इंटरव्हल मात्र पाचच सेकंदांचा. पुढच्या फोटोची वेळ झाली तेव्हा आधीच्या फोटोचं शटर अजून उघडंच होतं, म्हणून कॅमेऱ्यानं ती पाळी सोडली आणि त्याच्या पुढची घेतली. म्हणजे सातनंतर तुमचा इंटरव्हल दहा सेकंद झाला आणि व्हिडिओत वेग दुप्पट. खात्री करायची असेल तर फोटोंच्या वेळा बघा:

```
exiftool -p '$FileName $DateTimeOriginal $ExposureTime' *.JPG
```

वेळेचा फरक ५ वरून १० वर कुठे उडी मारतो ते लगेच दिसेल, आणि शेजारच्या रकान्यात त्या जागी शटर पाचच्या पुढे गेलेलं असेल. म्हणून संध्याकाळच्या कामात इंटरव्हल ठरवताना रात्रीचं सर्वांत लांब शटर किती लागणार याचा आधी विचार करायचा. त्यात फोटो कार्डावर लिहायला दोनेक सेकंद मिळवायचे. इंटरव्हल त्याहून मोठाच हवा.

आता हिशोब. २५ फ्रेमच्या व्हिडिओत ३० सेकंद म्हणजे ७५० फोटो. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद, भागिले ७५०, म्हणजे १४.४ सेकंदांचा इंटरव्हल. गणित बरोबर आहे, पण चित्र बिघडतं. १४ सेकंदांत ढग बराच सरकतो, रस्त्यावरची माणसं दिसेनाशी होतात, सगळं दचकत चालल्यासारखं वाटतं. म्हणून मी उलटीकडून जातो. आधी हालचालीला साजेसा इंटरव्हल धरतो, मग किती वेळ चित्रीकरण करायचं ते काढतो. गर्दी जवळून घ्यायची असेल तर एक-दोन सेकंद, ढगांना चार ते आठ, नुसत्या सावल्यांना पंधरा-वीसही चालतात. तुमच्या चौकटीत ढग आहेत, तळ्याचं पाणी आहे आणि माणसं लांब आहेत. आठ सेकंद धरा. ७५० गुणिले ८ म्हणजे ६,००० सेकंद, बरोबर १०० मिनिटं.

ही १०० मिनिटं कुठली? जानेवारीच्या मध्यात सोलापुरात सूर्य ६ वाजून १० मिनिटांच्या आसपास मावळतो. ५:४० ला सुरू करा, ७:२० ला थांबा. व्हिडिओत पहिले नऊ सेकंद उन्हाचे, पुढचे सात सेकंद संधिप्रकाशाचे आणि उरलेले चौदा रात्रीचे पडतील. पाचपासून लावलात तर पहिली चाळीस मिनिटं जवळजवळ सारख्याच उजेडाची जातात आणि बघणारा कंटाळतो.

आता फडफड. तुमच्या बाबतीत ती दोन ठिकाणांहून येतेय. पहिलं म्हणजे मीटर. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेड नव्यानं मोजतो. रस्त्यावरून एखाद्या गाडीचा हेडलाइट अंगावर आला की तो फोटो काळवंडतो, पुढचा परत उजळतो. दुसरं कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लेन्सची पाकळी एरवी पूर्ण उघडी असते आणि प्रत्येक फोटोला ८ वर मिटते. ती दर वेळी अगदी त्याच ठिकाणी थांबत नाही, केसभर इकडेतिकडे होते. एका फोटोत हे कळणारही नाही, पण सेकंदाला पंचवीस फोटो लागोपाठ पळाले की डोळ्यांना टोचतं. उपाय सोपा आहे: १८ मिमीवर अ‍ॅपर्चर ३.५, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी. पाकळी हललीच नाही तर फडफडणार कुठून? चौकटीचे काठ थोडे मऊ येतील, ते मला चालतं. झूमच्या रिंगवर चिकटपट्टी मारा. कळसावर फोकस करून ऑटोफोकस बंद करा, स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद (ते प्रत्येक लांब फोटोचा वेळ दुप्पट करतं), व्हाइट बॅलन्स डेलाइटवर कायम, आणि फोटो रॉमध्ये.

मोड पूर्ण मॅन्युअल. आता शंभर मिनिटं एक्स्पोजर तुम्हालाच सांभाळायचं आहे, पण ते वाटतं तितकं अवघड नाही, कारण अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही हलवायचे नाहीत. फक्त शटरची चकती. ५:४० ला अ‍ॅपर्चर ३.५, आयएसओ १०० आणि शटर १/६४० च्या आसपास बसेल. रात्री मंदिर, दिवे आणि पाण्यातलं प्रतिबिंब यांना साधारण १.६ सेकंद लागतील. मधलं अंतर दहा स्टॉप, म्हणजे दहा वेळा दुप्पट, आणि चकतीचा प्रत्येक खटका एक तृतीयांश स्टॉपचा. म्हणजे शंभर मिनिटांत तीस खटके. शटर कधीच दोन सेकंदांच्या वर जात नाही, त्यामुळे आठ सेकंदांच्या इंटरव्हलला धक्का नाही.

हे तीस खटके सारख्या अंतरानं द्यायचे नाहीत. आपल्याकडे संधिप्रकाश झटकन संपतो. सूर्य बुडाल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत सोलापुरात जेमतेम २३-२४ मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात उजेड सुमारे सात स्टॉपनं पडतो. म्हणून सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासात सहा-सात खटके पुरतात, साधारण चार-पाच मिनिटांना एक. सूर्य बुडाल्यावर जवळजवळ मिनिटाला एक. या वीस-पंचवीस मिनिटांत चहा प्यायला खाली जायचं नाही, कॅमेऱ्याजवळच थांबायचं. ६:३५ नंतर दिव्यांचाच उजेड उरतो आणि तो स्थिर असतो. तिथून दोन-तीन खटके, मग हात लावू नका.

खटका कधी द्यायचा ते मी घड्याळावरून ठरवत नाही, हिस्टोग्रामवरून ठरवतो. त्यातला डोंगर डावीकडे सरकलेला दिसला की एक खटका. दोन खटके एकदम कधीच नाही. ढगामुळे क्षणभर उजेड वाढला म्हणून उलटा खटकाही देऊ नका, संध्याकाळी उजेड शेवटी खालीच जाणार आहे. आणि रात्रीला रात्र राहू द्या. हिस्टोग्राम मध्यावर आणायच्या नादात लोक सात वाजताचं आकाश दुपारसारखं करतात आणि मंदिराचे दिवे पांढरेफटक जळतात. ६:२५ नंतर मी मुद्दाम मागे राहतो, चित्र दिवसापेक्षा स्टॉपभर काळोखं ठेवतो.

चकती फिरवायची ती शटर मिटल्याचा आवाज आल्यावर लगेच, दोन बोटांनी. पुढच्या फोटोपर्यंत सहा सेकंद असतात, तेवढ्यात ट्रायपॉड शांत होतो. गच्चीवर तुमचं चालणंही फोटोत येतं, स्लॅब हलतो. पाण्याच्या टाकीची मोटर त्या वेळात कुणी चालू करणार नाही, एवढं घरात सांगून ठेवा.

गड्ड्याच्या दिव्यांबद्दल एक गोष्ट. विजेचे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होतात. शटर १/५० पेक्षा हळू असेल तर ते पुसून निघतं. तुमचं शटर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात त्याखाली जातं, त्यामुळे त्रास होणार नाही. पण ज्या माळा मुळातच पळत्या आहेत त्या लुकलुकणारच, त्याला इलाज नाही. पाळण्याचे दिवे मात्र १.६ सेकंदांत सुरेख कमानी काढतात.

तीस खटक्यांच्या तीस पायऱ्या व्हिडिओत बारीक झटक्यांसारख्या दिसतात, त्या नंतर सपाट करायच्या. रॉ फाइली एकाच सेटिंगनं जेपीजीत काढा, त्यांना IMG_0001 पासून ओळीनं नावं द्या आणि:

```
ffmpeg -framerate 25 -i IMG_%04d.jpg -vf "deflicker=size=25,scale=3840:-2" -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p talav.mp4
```

२५ हा आकडा असाच नाही. संधिप्रकाशात मिनिटाला एक खटका म्हणजे सात-आठ फोटोंना एक पायरी. सरासरीची खिडकी दोन-तीन पायऱ्या झाकेल एवढी हवी. मूळची खिडकी पाच फोटोंची असते, ती इथे तोकडी पडते. हा फिल्टर अख्ख्या फोटोचा उजेड मोजतो, त्यामुळे एखाद्या कोपऱ्यातला लुकलुकता दिवा यानं शांत होत नाही.

आता हायपरलॅप्स. इथे इंटरव्हल सेकंदांत नसतो, पावलांत असतो. तळ्याकाठी जिथे पेव्हर ब्लॉक आहेत तिथे काम सोपं होतं: दर दोन ब्लॉकला, साधारण ४० सेंटिमीटरला, एक फोटो. १५० फोटो म्हणजे ६० मीटर चाल आणि सहा सेकंदांचा व्हिडिओ. स्क्रीनवर ग्रिड लावा आणि प्रत्येक फोटोत मंदिराचा कळस ग्रिडच्या त्याच छेदावर आणा. ब्लॉक मोजण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. नंतर स्टॅबिलायझरनं चौकट थोडी कापली जाते, म्हणून कडेला दहा-पंधरा टक्के जागा सोडून घ्या. कठडा किंवा झाड अगदी मीटरभरावर असेल तर ४० सेंटिमीटरच्या पावलात ते उड्या मारतं. तिथे पाऊल निम्मं करा, नाहीतर ती जागाच सोडा.

पण हायपरलॅप्स संध्याकाळी करू नका, मी हे करून पस्तावलोय. ट्रायपॉड उचल, ठेव, पाणसळ बघ, कळस जुळव, यात एका फोटोला दहा सेकंद जातात. १५० फोटोंना पंचवीस मिनिटं, म्हणजे नेमका तोच वेळ जेव्हा उजेड सात स्टॉप पडतो. मी सूर्यास्ताला सुरू केलं होतं. एक हात चकतीवर, एक ट्रायपॉडवर, शेवटी कळसही सुटला आणि उजेडही. दुपारी चारच्या आधी करा किंवा सातनंतर, दिवे स्थिर झाल्यावर. मग पहिल्या फोटोला ठरवलेलं शटर दीडशेव्यापर्यंत तसंच राहतं. तळ्यालगतच्या किल्ल्याच्या आतून करायचा विचार असेल तर ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे, ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते.