स्थळाच्या साईटवरची ओळख: नंबर, फोटो आणि पत्ता यांपैकी काय, कधी द्यावं?

प्रश्न: विवाहाच्या साईटवर एका मुलाशी ओळख झाली, तीन आठवडे तिथंच चॅट चालू आहे. बोलणं छान वाटतं. आता तो नंबर, आणखी फोटो आणि घर नेमकं कुठं आहे ते विचारतोय. मी नागपूरला राहते. नाही म्हटलं तर मी संशयी वाटेन, आणि सगळं दिलं तर मलाच धाकधूक. काय करू?

उत्तर:

नंबर द्या, पण आज नको. दोन दिवस घ्या आणि आधी तुमच्याच नंबरची तपासणी करा. फोटो द्या, निवडून. घराचं दार मात्र दोन्हीकडची मोठी माणसं भेटेपर्यंत राहू द्या. हा क्रम मी मुद्दाम सांगतेय. नंबर बंद करता येतो, गेलेला फोटो परत येत नाही, आणि घर तर हलवताच येत नाही.

या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या फारशा धोक्याच्या नसतात. त्या जोडल्या गेल्या की अडचण होते. म्हणून समोरच्याला तुमच्याबद्दल किती कळलं यापेक्षा, कळलेलं कशाशी जुळतं ते बघायचं.

नंबरपासून सुरू करू. तुमचा नंबर जिच्या फोनमध्ये सेव्ह नाही अशा मैत्रिणीचा फोन घ्या. तिच्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तुमचे दहा आकडे टाका. पैसे पाठवू नका, फक्त कोणतं नाव येतं ते वाचा. तिथं बहुतेक वेळा बँकेतलं नाव येतं, आणि आपल्याकडे बँकेत नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. साईटवर तुम्ही फक्त पहिलं नाव ठेवलं असेल, तर नंबर दिल्याबरोबर उरलेली दोन नावं आपोआप गेली. त्यात बायोडेटावरची जन्मतारीख मिळवली की निवडणूक आयोगाच्या मतदार शोधात तुमचं मतदान केंद्र निघू शकतं. ते केंद्र बहुधा घराजवळच्या शाळेत असतं. म्हणजे तुम्ही पत्ता सांगितलेला नाही, तरी वस्ती कळली.

मग त्याच फोनवर ट्रूकॉलरमध्ये नंबर शोधा. तिथलं नाव अनेकदा लोकांनी तुम्हाला जसं सेव्ह केलंय त्यावरून येतं, त्यामुळे नावापुढे ऑफिसचं, क्लासचं किंवा वस्तीचं नाव चिकटलेलं असू शकतं. तसं असेल तर ट्रूकॉलरच्या unlisting पानावरून नंबर काढून घ्या. स्वतःचं खातं असेल तर आधी ते बंद करावं लागतं. शेवटी तोच नंबर व्हॉट्सॲपवर उघडून फोटो आणि About मधली ओळ दिसते का बघा. दिसत असेल तर तुमच्या फोनवर Settings > Privacy मध्ये Profile photo, About आणि Last seen and online या तिन्हींना My contacts करा.

इथं एक चूक हमखास होते. तुम्ही त्याचा नंबर सेव्ह केलात की तो तुमच्या My contacts मध्ये येतो आणि सगळं त्याला पुन्हा दिसू लागतं. म्हणून सेव्ह करताना त्याच वेळी My contacts except… मध्ये त्याचं नाव टाका. स्टेटसलाही तेच करा. स्टेटसमधून घरची पूजा, भाचीची शाळा, बाहेरगावी गेल्याच्या तारखा असं बरंच जातं. टेलिग्राम असेल तर Privacy and Security > Phone Number मध्ये आधी नंबर कोणाला दिसतो ते Nobody करा, मग खाली नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकतं हा पर्याय येतो, तो My Contacts वर आणा.

पैशांच्या ॲपमधलं नाव मात्र तुमच्या सेटिंगने पूर्ण झाकलं जाईलच असं नाही. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे दुसरं सिम. ते स्वतःच्याच नावावर, रीतसर घ्या, पण बँक, आधार, गॅस, काहीही त्याला जोडू नका. अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती चालतात. Settings मध्ये नावाशेजारच्या बाणावरून Add account करा, आणि दोन्ही खात्यांना Two-step verification चा सहा आकडी पिन लावा. दुसऱ्या सिमचा रिचार्ज मात्र चुकवू नका. बराच काळ न वापरलेला नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला मिळतो. मग त्या नंबरावरचं व्हॉट्सॲप तो माणूस स्वतःच्या फोनवर सुरू करू शकतो. स्थळ जुळलं, पुढं गेलं, तर तुमचा नेहमीचा नंबर तुम्ही स्वतः द्यालच. दुसरा नंबर देणं खोटेपणा नाही, मागे-पुढे सांगूनही टाकता येतं.

आता बायोडेटा. माझ्या मते नंबरापेक्षा हाच कागद जास्त उघडा असतो. जन्मतारीख, वेळ, ठिकाण, वडिलांचं पूर्ण नाव आणि नोकरी, मामाकुळ, मूळ गाव, खाली प्लॉट नंबरासह पत्ता आणि वडिलांचा मोबाईल, सगळं एकाच पानावर. आणि तो एका माणसाकडे थांबत नाही. मावशी, समाजाचा ग्रुप, मंडळ असा फिरत राहतो. म्हणून दोन प्रती करा. पहिलीत पहिलं नाव, जन्माचं वर्ष, शिक्षण, कामाचं क्षेत्र, गाव ‘नागपूर’ आणि दुसऱ्या सिमचा नंबर. पत्रिकेपुरती जन्मवेळ हवी असेल तर ती घरच्यांकडून घरच्यांकडे जाऊ द्या. दुसरी, पूर्ण प्रत भेट ठरल्यावर. ओळख पटवायला आधार मागितलं तर पाठवू नका. मास्क्ड आधारवर आकडे झाकलेले असतात, पत्ता नाही.

फोटोंत दोन गोष्टी बघायच्या: फाईलच्या आत काय आहे आणि चित्रात काय आहे. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठं काढला ती जागा फाईलमध्ये लिहिली जाते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ती माहिती गळून पडते. पण ‘क्लॅरिटी नाही, ओरिजिनल पाठव’ असं म्हटल्यावर आपण तो Document म्हणून किंवा ईमेलने पाठवतो, आणि तेव्हा ती जागा तशीच सोबत जाते. बाल्कनीतला फोटो असेल तर ती जागा म्हणजे तुमचं घर. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली नकाशा दिसतो का बघा. दिसत असेल तर तो फोटो मूळ स्वरूपात देऊ नका, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून नवे काढा.

चित्रात काय आहे, त्याचं एक उदाहरण घेऊ. हळदीकुंकवाचा साडीतला छान फोटो. मागे गेट, गेटवर नेमप्लेटचा अर्धा भाग, बाजूला एमएच ४९ ची स्कूटी आणि तिचे शेवटचे चार आकडे, वर सोसायटीच्या पाटीची दोन अक्षरं. तुम्ही आधी ‘आम्ही रिंगरोडच्या जवळ’ एवढंच बोलला होता. आता आडनाव, गाडी आणि पाटी मिळून तो शेजारच्या पानवाल्याला एक प्रश्न विचारून गेटपर्यंत येऊ शकतो. असे फोटो कापून पाठवा. मार्करने खोडू नका. फिकट रेघेखालचं अक्षर उजेड वाढवून बरेचदा वाचता येतं. सगळ्यात सोपं म्हणजे कोऱ्या भिंतीपुढे किंवा एखाद्या बागेतल्या झाडांपुढे तीन-चार नवे फोटो काढा आणि ते इन्स्टाग्रामवर किंवा नोकरीच्या प्रोफाइलवर कुठंच टाकू नका. जुना, टाकलेला फोटो दिला तर चित्रावरून शोधून तो तुमच्या इतर खात्यांपर्यंत पोचू शकतो. View once वर विसंबू नका. ते ॲप स्क्रीनशॉट अडवतं, समोर धरलेला दुसरा फोन नाही. आणि अंगावरच्या कपड्यांपलीकडचा कोणताही फोटो या टप्प्यावर नाहीच, कितीही विश्वास वाटला तरी.

पत्त्याचं सांगते. ‘कुठं राहतेस?’ याला वस्तीचं नाव पुरेसं उत्तर आहे. ‘प्रतापनगरकडे’ इतकं. त्यानंतर शाळेच्या मागे, मंदिराच्या समोर असे तुकडे जोडू नका. आपल्या ले-आऊटमध्ये दोन खुणा मिळाल्या की गल्ली सापडते. पत्ता विचारायची सगळ्यात गोड रीत म्हणजे ‘वाढदिवसाला केक पाठवतो’. एकदा ऑर्डर झाली की तुमचं दार त्याच्या ॲपमध्ये कायमचं जमा. ‘केक भेटलो की सोबत कापू’ असं म्हणा, त्यात रुक्षपणा नाही.

पहिली भेट बर्डीला ठेवा. सीताबर्डीला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात, माणसं असतात, आणि तुम्ही कोणत्या स्टेशनला चढलात ते समोरच्याला कळत नाही. दिवसा भेटा, जाणं-येणं आपलं आपण. त्याने स्वतःच्या ॲपवरून कॅब करून दिली तर उतरल्याची जागा त्याच्या इतिहासात राहते. लाइव्ह लोकेशन पाठवायचंच तर बहिणीला, आठ तासांचं. त्याला ‘चौकात आहे’ हे सांगायला एका तासाचं पाठवलं आणि तुम्ही अर्ध्या तासात घरी निघालात, तर उरलेला अर्धा तास तो तुमच्या घरापर्यंत सोबत येतो.

आता ‘संशयी वाटेन’ या भीतीबद्दल. अडतं ते आढेवेढे घेतल्यामुळे. टाळाटाळ लागते मनाला, सरळ बोलणं लागत नाही. असं लिहून बघा: ‘बोलायला मला आवडतंय. नंबर हा घ्या. घरचा पत्ता आईबाबा भेटल्यावर, आमच्याकडे सगळ्यांसाठी असंच आहे. तुम्हीही घाई करू नका.’ त्यासोबत आवडीनिवडी, कामातल्या अडचणी, लग्नाकडून काय हवंय, नोकरी सोडायची की नाही, हे मोकळेपणाने बोला. यातलं काहीही कळून कोणी तुमच्या दारात येत नाही, पण माणूस मात्र कळतो. त्याचं उत्तर नीट वाचा. ‘ठीक आहे’ म्हणून तो विषय पुढं नेत असेल तर चांगलं. दोन दिवसांनी तेच दुसऱ्या वाटेने विचारत असेल, ‘विश्वास नाही का’ म्हणत असेल, किंवा रात्री उशिरा व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगत असेल, तर थांबा.

थांबायचं ठरलं तर आधी एकदाच, लेखी आणि स्पष्ट लिहा: ‘मला पुढं बोलायचं नाही, कृपया संपर्क करू नका.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाची व्याख्या आहे, आणि त्यात स्त्रीने नकार स्पष्ट कळवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं येतं. नुसतं गप्प राहून ब्लॉक केलं तर तो नकार कुठंच लिहिलेला राहत नाही. तो संदेश, त्यानंतरचे कॉल, नव्या नंबरवरून आलेले मेसेज यांचे तारीख दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, आणि ब्लॉक त्यानंतर करा. फोटोवरून धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. cybercrime.gov.in वर तक्रार करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३०, जिवाची भीती असेल तर ११२. खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर StopNCII.org वर तुमच्याच फोनवर त्या फोटोचा सांकेतिक ठसा तयार होतो. फोटो तिकडे जात नाही, आणि सोबत जोडलेल्या साईट्स तो ठसा जुळवून फोटो अडवू शकतात. हे करताना घरच्या एका तरी माणसाला सोबत बसवा.