छंदाच्या चॅनेलवर कॉलेजात बोलायचं असेल तर नेमकं काय सांगावं?

प्रश्न: माझं छंद म्हणून सुरू केलेलं यूट्यूब चॅनेल आहे, आता त्यातून थोडे पैसे येतात. गावच्या कॉलेजात त्यावर दहा मिनिटं बोलायला बोलावलंय. मुलांच्या खरोखर उपयोगी पडेल असं काय सांगू?

उत्तर: मी मालवण तालुक्यात राहतो. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि कर्लीच्या खाडीत गरीने मासे पकडणं हा छंद. चॅनेल त्या छंदाचंच आहे. मागे असंच एका कॉलेजात बोलायला गेलो होतो, तेव्हा एकच ठरवलं होतं: पैसा कुठून निघतो आणि आपल्या खात्यात कसा येतो, तेवढंच सांगायचं. जिद्द, चिकाटी हे मुलांनी दहावेळा ऐकलेलं असतं. हा रस्ता मात्र त्यांना कोणी दाखवत नाही.

सुरुवात मी आलेखाने केली. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक रेघ दिसते, लोक कुठपर्यंत बघत राहिले याची. जिताड्याच्या एका व्हिडिओची रेघ पडद्यावर दाखवली. सुरुवातीला खाडीचं वरून घेतलेलं चित्रण होतं, तिथे रेघ धाडकन खाली आलेली. पुढे तंगुसाला गरी कशी बांधायची ते दाखवलं होतं, तिथे मात्र रेघ वर चढलेली. वर चढते याचा अर्थ लोक मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा बघतात. म्हणून मी नुसत्या गाठींवर वेगळा व्हिडिओ केला. मासा एकही नाही. हात, तंगूस आणि गरी एवढंच. चॅनेलला सगळ्यात जास्त तास त्याच व्हिडिओने दिले. तुमच्याही चॅनेलवर असा एखादा व्हिडिओ असेल. त्याची रेघ दाखवा, सभागृहातला मागचा बाकसुद्धा गप्प होतो.

मग तासांचा हिशेब. जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4000 तास पाहिलं जाणं, दोन्ही लागतं. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. तुमचा व्हिडिओ बारा मिनिटांचा असला तरी माणूस सरासरी चारच मिनिटं थांबत असेल, तर त्या मिनिटांना 60,000 व्ह्यूज लागतात. तोच माणूस सहा मिनिटं थांबला, तर 40,000 पुरतात. त्या रेघेची किंमत मुलांना इथे कळते.

हे सांगत असतानाच एक मुलगा उठून म्हणाला, "दादा, माझ्या शॉर्टाक दोन लाख व्ह्यूज इले, मग पैशे खंय?" हा प्रश्न तुम्हालाही येणार, उत्तर तयार ठेवा. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेली मिनिटं त्या 4000 तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सच्या वाटेने जायचं तर 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज लागतात, आणि 1000 सबस्क्रायबर लागतातच. दोन लाख व्ह्यूजने नाव होतं, सबस्क्रायबर मिळतात, पण तासांच्या खात्यात काहीच पडत नाही. मी त्याला सांगितलं, त्याच शॉर्टमधला विषय घेऊन आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ कर आणि शॉर्टला तो जोडून दे. व्हिडिओ आठ मिनिटांचा किंवा त्याहून मोठा असला तर मध्येही जाहिरात बसते.

चॅनेल पात्र ठरलं म्हणजे पगार सुरू झाला, असं मुलांना वाटतं. तिथे एक उदाहरण फळ्यावर मांडा. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के चॅनेलला मिळतात. समजा हा वाटा धरून हजार व्ह्यूजमागे तुमच्या हाती 40 रुपये येतात आणि महिन्याला 50,000 व्ह्यूज आहेत. महिन्याचे झाले 2000 रुपये. पण खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणजे चार-पाच महिने थांबायचं. त्यात हा 40 चा आकडाही हलता असतो. दिवाळीच्या आसपास जाहिराती वाढतात तेव्हा वर जातो, जानेवारीत घसरतो. म्हणून त्या पैशावर बाईकचा हप्ता बांधू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

आता तो भाग, ज्यात आपल्याकडची मुलं हमखास अडकतात. कमाई 10 डॉलरला पोचली की पत्ता खरा आहे का ते बघायला पोस्टाने एक पाकीट येतं. त्यात सहा आकडी पिन असतो, तो अॅडसेन्समध्ये, म्हणजे गुगलच्या ज्या खात्यातून हे पैसे मिळतात त्यात, भरायचा. पाकीट साध्या टपालाने येतं, त्यामुळे ते कुठवर आलं हे बघता येत नाही. आपल्या गावांत घर नंबर आणि रस्ता लिहून भागत नाही. पोस्टमन ओळखतो ते वाडी आणि घराण्याच्या नावाने. तेव्हा पत्त्यात वाडी, गाव, पोस्ट, तालुका सगळं लिहा, आणि पोस्टात आधीच सांगून ठेवा की असं एक परदेशी पाकीट येणार आहे. महिन्याभरात आलं नाही तर पुन्हा मागवता येतं.

अॅडसेन्सवरचं नाव बँक खात्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. पैसे परदेशातून येत असल्याने स्विफ्ट कोड लागतो, आणि तो गावातल्या शाखेला बहुतेक नसतो. कुठल्या मोठ्या शाखेचा टाकायचा ते बँकेतच विचारा, नेटवर शोधून टाकू नका. वय 18 पेक्षा कमी असेल तर अॅडसेन्स खातं पालकांच्या नावाने लागतं. अकरावी-बारावीची मुलं समोर असतील तर हे विसरू नका.

अमेरिकेच्या कराचा फॉर्म हा शब्द ऐकून मुलं घाबरतात, पण तो भरलाच पाहिजे. भारतातल्या एकट्या माणसासाठी तो W-8BEN. समजा महिन्याची कमाई 1000 डॉलर आहे आणि त्यातली 100 डॉलर अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेली आहे. फॉर्म भरून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला, तर त्या 100 वर 15 टक्के, म्हणजे 15 डॉलर कापले जातात. फॉर्म भरलाच नाही तर सगळ्या 1000 वर 24 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 240 डॉलर जाऊ शकतात. ही दोन आकड्यांची तुलना फळ्यावर लिहिली तेव्हा सगळ्यांनी मोबाईल काढून फोटो घेतले.

वेळ उरला तर गाण्यांचं सांगा. होडीत कोणाच्या तरी मोबाईलवर सिनेमाचं गाणं वाजत असतं, ते व्हिडिओत आलं की कंपनीचा दावा लागतो. दावा म्हणजे स्ट्राईक नाही, चॅनेलला धोका नसतो, पण त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते. खाडीत वल्ह्याचा आणि पाण्याचा आवाज पुरतो, माझ्या प्रेक्षकांना तोच आवडतो.

शेवटी कोणीतरी इन्कम टॅक्सचं विचारेल. हे उत्पन्न धंद्याचं धरतात, त्यामुळे नोकरदार भरतात तो आयटीआर-1 इथे चालत नाही. आयटीआर-3 किंवा आयटीआर-4 लागतो. कोणी कंपनीने रॉड-रीळ वापरून दाखवायला दिलं आणि तुम्ही ते ठेवून घेतलं, तर तेही उत्पन्नच. एका वर्षात एकाच कंपनीकडून अशा वस्तू 20,000 रुपयांच्या वर गेल्या तर त्यावर 10 टक्के टीडीएस आहे. वस्तू परत केली तर तो लागत नाही.