मेक्सिकोच्या ग्राहकाशी पहिला व्हिडिओ कॉल: आरंभीचे आणि निरोपाचे बोलणे

प्रश्न: मी सप्टेंबरमध्ये कामानिमित्त पुण्याहून मेक्सिको सिटीला जाते आहे. त्याआधी ऑगस्टमध्ये नव्या ग्राहकाशी पहिला व्हिडिओ कॉल पुण्यातूनच आहे, तिथल्या सकाळी ९ वाजता. ए-२ पातळीपर्यंत स्पॅनिश शिकले आहे. कामाचे मुद्दे तयार आहेत, पण सुरुवातीला आणि शेवटी नेमके काय बोलावे?

मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत, उत्तर सीमेलगतचा काही भाग वगळता, बंद केली. त्यामुळे मेक्सिको सिटी आणि पुणे यांच्या वेळेत वर्षभर साडेअकरा तासांचा फरक राहतो. तिथे सकाळचे ९ वाजतील तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील, तरीही अभिवादन समोरच्याच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे ‘ब्वेनोस दिआस’ असेच करावे. पुढे कधी कॉल तिथल्या दुपारी ठरला, तर १२ नंतर ‘ब्वेनास तार्देस’ आणि अंधार पडल्यावर ‘ब्वेनास नोचेस’ म्हणावे. आपली ‘शुभ रात्री’ फक्त निरोपाची असते, मात्र ‘ब्वेनास नोचेस’ने भेटीची सुरुवातही होते, त्यामुळे कोणी संध्याकाळी कॉलवर येताच तसे म्हणाले तर गोंधळून जाऊ नये.

अभिवादनानंतर आपले नाव सांगून ‘मूचो गुस्तो’ म्हणावे. समोरच्याने ते आधी म्हटले, तर ‘इग्वालमेंते’ हे उत्तर पुरते. ‘कोमो एस्ता?’ या प्रश्नाला ‘मुय ब्येन, ग्रास्यास’ एवढेच म्हणून थांबू नये, ‘इ उस्तेद?’ असा उलट प्रश्न विचारला नाही, तर ते तुटक वाटते. पहिल्या कॉलवर ‘उस्तेद’च वापरावे आणि क्रियापदही त्यालाच धरून ठेवावे, कारण ‘उस्तेद’ म्हणून पुढे ‘तू’चे रूप वापरणे ही शिकणाऱ्यांची नेहमीची गफलत असते. समोरची व्यक्ती ‘आब्लामे दे तू’ म्हणाली, की मग खुशाल ‘तू’वर यावे, पण तो पुढाकार ग्राहकाकडेच असू द्यावा. मेक्सिकोत पदवीने हाक मारण्याची रीत अजून चांगलीच टिकून आहे. सहकारी जिला ‘लिसेन्स्यादा’ किंवा ज्याला ‘इन्हेन्येरो’ म्हणतात, तिला वा त्याला आपणही तसेच म्हणावे. आडनाव जोडायचे असेल, तर दोन आडनावांपैकी पहिले घ्यावे; पडद्यावर एर्नांदेस लोपेस दिसले, तर ‘इन्हेन्येरो एर्नांदेस’.

बाकीचे लोक जोडले जाईपर्यंतची काही मिनिटे हाच गप्पांचा खरा भाग, आणि त्यासाठी आपल्याला विषय शोधत बसावे लागणार नाही. ‘मे एस्कूचान ब्येन?’, म्हणजे माझा आवाज नीट येतो ना, असे विचारून झाल्यावर ‘आकी या एस दे नोचे’, इथे रात्र झाली आहे, एवढे सांगितले की पुण्यात किती वाजले, हा प्रश्न बहुधा येतोच. दुसरा विषय पावसाचा. मेक्सिको सिटीचा पावसाळा साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि तिथला पाऊस बहुतेक दुपारनंतर कोसळतो. ‘आ योविदो मूचो पोर आया?’, तिकडे खूप पाऊस झाला का, असे विचारावे आणि ‘आकी ताम्ब्येन’ म्हणून पुण्याचे दोन शब्द जोडावेत. अमली पदार्थांच्या टोळ्या, सुरक्षितता आणि शेजारच्या देशाशी असलेले संबंध मात्र कॉलवर काढू नयेत. बोलणे समजले नाही, तर नुसते ‘के?’ म्हणणे उद्धट ठरते. तिथले लोक ‘मांदे?’ म्हणतात, आपल्याला ‘पेर्दोन?’ पुरेसे आहे.

निरोप टप्प्याटप्प्याने होतो, आणि त्याची घाई करणारा माणूस तुसडा वाटतो. कोणी ‘ब्वेनो, प्वेस…’ असे लांबवत म्हणाले, की आवरते घेण्याची वेळ झाली, असे समजावे. तेव्हा आधी ‘ले आग्रादेस्को मूचो सु त्येम्पो’ म्हणून वेळ दिल्याबद्दल आभार मानावेत आणि पुढचे पाऊल तारखेसह सांगावे. उदाहरणार्थ, ‘ले मांदो ला प्रोप्वेस्ता एल ह्वेवेस’, प्रस्ताव गुरुवारी पाठवते. त्यानंतर ‘केदो आल पेंद्येंते’ म्हणावे. आपल्या उत्तराकडे माझे लक्ष आहे, असे सांगणारे हे मेक्सिकोतले रुळलेले वाक्य ईमेलच्या शेवटीही चालते. मग ‘के तेंगा एक्सेलेंते दिआ’, त्यावर ‘इग्वालमेंते’, आणि अखेरीस ‘आस्ता ल्वेगो’. एकाहून अधिक लोक असतील, तर ‘तेंगा’चे ‘तेंगान’ करावे. हे सगळे होऊन, हात हलवून झाल्यावरच कॉल बंद करावा.

दुसऱ्या कॉलवर त्याच लोकांना पुन्हा ‘मूचो गुस्तो’ म्हणू नये, कारण ते पहिल्या ओळखीचे आहे. तिथे ‘के गुस्तो सालुदार्ले’ शोभते.