‘डिसइनहिबिशन’ला उत्तेजन म्हणता येईल का?

प्रश्न : मेंदूवरच्या एका लेखाचे मराठी करतो आहे. ‘बेसल गँग्लिया थॅलॅमसचे डिसइनहिबिशन करतात’ अशा अर्थाचे वाक्य आले. शेवटी थॅलॅमसचे काम वाढतेच, म्हणून मी ‘उत्तेजित करतात’ असे लिहिले. संपादकांनी त्यावर खूण केली. चूक काय? आणि गँग्लियाला ‘गंडिका’ लिहू की ‘केंद्रके’?

संपादकांची खूण योग्य आहे. ‘उत्तेजित करतात’ ऐवजी ‘थॅलॅमसवरील निरोधन उठवतात’ असे लिहावे. निरोधन म्हणजे थोपवून धरणे; बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस हे दोन्ही मेंदूच्या आत खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके. उठवणे हे क्रियापद आपल्याकडे या अर्थाने रुळलेलेच आहे : बंदी उठवली, जप्ती उठवली, संचारबंदी उठवली. संचारबंदी उठली म्हणजे प्रत्येकाने रस्त्यावर यावे असा हुकूम निघाला, असे कोणी समजत नाही. ज्याला काम असते तो बाहेर पडतो आणि बाकीचे घरीच राहतात. थॅलॅमसच्या बाबतीत नेमके हेच घडते, आणि ‘उत्तेजन’ म्हटले की तेवढेच हरवते.

हातापायांच्या हालचालीचे वर्तुळ पाहू. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे वरच्या थरातून, संदेश बेसल गँग्लियातील पुटामेन या भागात उतरतो; तेथून बेसल गँग्लियातल्याच ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागात, तेथून थॅलॅमसच्या पुढच्या बाजूच्या केंद्रकांत, आणि तेथून पुन्हा बाह्यकात, मुख्यतः हालचालीची आखणी करणाऱ्या पट्ट्यात. या चार टप्प्यांपैकी पहिला आणि शेवटचा चेतवणारे आहेत, मधले दोन्ही थोपवणारे आहेत. माकड जागे पण स्वस्थ बसलेले असताना पुटामेनच्या बहुतेक पेशी जवळजवळ गप्प असतात, तर पॅलिडसच्या आतल्या भागातील पेशी सेकंदाला साधारण ६० ते ८० आवेग, म्हणजे विजेचे छोटे संदेश, सोडत असतात. हा प्रत्येक आवेग थॅलॅमसला थोपवणारा असतो. म्हणजे स्वस्थ बसणे ही नुसती निष्क्रियता नाही. त्या वेळी थॅलॅमसवर अखंड पहारा चालू असतो.

आता समोरचा पेला उचलायचा आहे असे समजा. बाह्यकाने पुटामेनमधील काही पेशींना चेतवले की त्या पॅलिडसमधील आपल्या नेमून दिलेल्या पेशींना थोपवतात. त्या पेशींचा मारा क्षणभर थांबतो आणि थॅलॅमसच्या तेवढ्याच भागावरचे निरोधन उठते. थोपवणाऱ्याला थोपवले गेले. बाहेरून नवा जोर मात्र कोणीही दिलेला नाही. जोर यायचा तो थॅलॅमसला बाह्यकाकडून आणि इतर मार्गांनी आधीपासून मिळत असलेल्या संदेशांतूनच येतो. ते संदेश नसतील, तर निरोधन उठूनही फारसे काही घडत नाही. बैल चालावा म्हणून त्याच्यावर आसूड ओढणे वेगळे आणि ओढून धरलेला कासरा सैल सोडणे वेगळे. बैल दोन्ही वेळा चालेल, पण दुसऱ्या वेळी चालण्याची ओढ बैलाची स्वतःची असावी लागते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. शेवालिए आणि देनियो या फ्रेंच संशोधकांनी १९८५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ही साखळी दाखवली. त्यांनी स्ट्रायटममध्ये, म्हणजे पुटामेन ज्याचा भाग आहे त्या केंद्रकात, चेतवणारे द्रव्य सोडले. तेव्हा सब्स्टॅन्शिया नायग्रातील सतत आवेग सोडणाऱ्या पेशी गप्प झाल्या आणि त्या गप्प असतानाच थॅलॅमसच्या पेशी बोलू लागल्या. (सब्स्टॅन्शिया नायग्राचा एक भाग पॅलिडसच्या आतल्या भागासारखेच पहाऱ्याचे काम करतो.) ‘डिसइनहिबिशन’ हा शब्द या क्षेत्रात इतका नेमकेपणाने वापरला जातो, त्यामागे असे पुरावे आहेत.

शब्द चुकला तर वाचक कोठे फसेल, हे पाहायला एक आजार उपयोगी पडतो. थॅलॅमसच्या खाली सबथॅलॅमिक केंद्रक नावाचा भिंगासारखा, जेमतेम सेंटीमीटरभराचा पुंजका आहे. या सर्व मंडळींत तो निराळा आहे, कारण तो खरोखरच उत्तेजन देतो. मात्र ते देतो पॅलिडसच्या आतल्या भागाला, म्हणजे पहारेकऱ्याला. समजा रक्तदाब असलेल्या एका वृद्ध व्यक्तीच्या उजव्या बाजूच्या या केंद्रकात छोटा रक्तस्राव झाला. ‘उत्तेजन देणारा भाग गेला’ एवढेच वाचणाऱ्याला वाटेल की हात लुळा पडेल. प्रत्यक्षात डावा हात खांद्यापासून भिरकावल्यासारखा, इच्छेविरुद्ध, पुन्हा पुन्हा फेकला जातो. झोपेत हे फेकणे बहुधा थांबते आणि जाग आली की पुन्हा सुरू होते. याला हेमिबॅलिस्मस म्हणतात. उत्तेजन गेले ते पहाऱ्याचे. पहारा ढिला पडला, थॅलॅमसवरचे निरोधन नको तेव्हा उठले आणि हात सुटला. तुमच्या लेखात दोन्ही ठिकाणी ‘उत्तेजन’ हाच शब्द असता, तर हा उलगडा वाचकाला करताच आला नसता.

पार्किन्सनमध्ये याच्या उलट घडते. डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक द्रव्य कमी झाल्याने पहारा अतोनात कडक होतो आणि साधा पेला उचलायलाही हात निघत नाही. बर्गमन, विखमन आणि डिलाँग यांनी १९९० मध्ये अशाच विकाराच्या माकडांत सबथॅलॅमिक केंद्रक निकामी केले, तेव्हा त्यांची हालचाल सुधारली. चेतवणारा भाग नष्ट करून हालचाल परत येते, हे ‘निरोधन’ आणि ‘उठणे’ हे दोन्ही शब्द जागच्या जागी असल्याशिवाय मराठीत सांगताच येणार नाही.

या गणिताला मर्यादाही आहे. पहाऱ्याचे आवेग मोजून सगळे सुटत असते, तर पार्किन्सनच्या रुग्णात पॅलिडसचा आतला भाग शस्त्रक्रियेने जाळल्यावर हात भिरकावू लागायला हवा होता. उलट औषधांमुळे होणाऱ्या अनावर हालचाली त्याने कमी होतात. आवेग किती यासोबत ते कोणत्या लयीत येतात, हेही महत्त्वाचे असले पाहिजे. म्हणून ‘निरोधन उठल्यामुळे हालचाल होते’ असे ठोक विधान करू नये. ‘निरोधन उठते, आणि हालचालीला वाट मिळते’ एवढेच म्हणावे.

नुसते ‘निरोध’ न लिहिता मी ‘निरोधन’ लिहितो, कारण पहिला शब्द बहुसंख्य वाचकांच्या मनात कुटुंबनियोजनाच्या साधनाशी जोडलेला आहे. ‘अवरोध’ वैद्यकात आतडे किंवा रक्तवाहिनी तुंबण्यासाठी लागतो, त्यामुळे तोही टाळावा.

गँग्लियाबद्दल : गंडिका हा शब्द मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाहेर असलेल्या चेतापेशींच्या गाठींसाठी राखावा. आतल्या पुंजक्यांना शरीररचनाशास्त्र केंद्रके म्हणते, त्यामुळे बेसल गँग्लिया हे नावच मुळात जुन्या सवयीने टिकलेले आहे. पण मराठी वाचकाला ‘केंद्रक’ म्हटले की पेशीच्या आतले केंद्रक आठवते. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले चेतापेशींचे पुंजके’ असे लिहून पुढे बेसल गँग्लियाच ठेवावे. थॅलॅमसही तसाच ठेवावा. हिंदी परिभाषेतला ‘चेतक’ येथे आणला, तर तो स्वतःच चेतवणारा आहे असे वाटून तुमची अडचण वाढेल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फक्त घरातली आतली खोली असा आहे.

तुमचे वाक्य मग असे होईल : ‘बेसल गँग्लिया थॅलॅमसच्या ठरावीक भागावरील निरोधन क्षणभर उठवतात.’