वास्ते आणि कप्पा: दोघांची कृती एकच का नाही

प्रश्न: नागपूरच्या इतवारीतून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणलेत आणि केरळी दुकानातून कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद. दोन्हींत सायनाइड असतं म्हणतात. चिरून कुकरला चार शिट्ट्या दिल्या तर चालेल का? आणि कप्प्याचे काप मे महिन्याच्या उन्हात वाळवून ठेवता येतील का?

कुकर नको, दोन्ही उघड्या गंजात उकळा आणि उकळलेलं पाणी फेका. वाळवणाच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

दोन्हींत सायनाइड मोकळं नसतं, साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं. वास्त्यात टॅक्सिफायलिन, कप्प्यात लिनामरिन. कोंब किंवा कंद चिरला, किसला की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम या द्रव्याला भिडतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते साधारण २६ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या भांड्यातून वाफेबरोबर निघून जातं. कुकरमध्ये वाफ कोंडते, पाणी कमी असतं आणि बहुतेक वेळा तेच पाणी रश्शात जातं.

आता फरक. टॅक्सिफायलिन उष्णतेनं स्वतःच तुटतं, म्हणून वास्त्यांना लांब, जोरदार उकळी पुरते. लिनामरिन उष्णतेला चिवट आहे, उलट ते तोडणारं एन्झाइमच उकळीनं मरतं. त्यामुळे कप्प्याचे मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर कंद मऊ होतो, पण विष बरंचसं आतच राहतं.

अर्धा किलो वास्ते असतील तर वरची सगळी टरफलं काढा, बुडाचा चरबट भाग कापून टाका. सर्वांत जास्त विष टोकाकडच्या कोवळ्या भागात असतं, आणि आवडीनं खाल्ला जातो तोही तोच. तो फेकायची गरज नाही, मात्र बारीक चिरा: दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या. रात्रभर भिजत घाला, मधे दोनदा पाणी बदला. सकाळी दोन-अडीच लिटर उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता वीस ते पंचवीस मिनिटं उकळा, पाणी ओता, ताजं पाणी घालून आणखी दहा मिनिटं. मग एक चकती चावून लगेच थुंका. कडू लागली तर तिसरं पाणी. कडवटपणा गेल्यावरच हरभऱ्याच्या डाळीत किंवा वड्यांत घाला. भाजीत घातल्यावर शिजेलच, असा हिशेब चालत नाही, कारण तिथलं पाणी आपण पितो.

कप्प्याला दोन साली असतात आणि लोक एकच काढतात. वरची तपकिरी पातळ, तिच्याखाली जाड, पांढरट किंवा गुलाबी. गरापेक्षा या जाड सालीत विष जास्त असतं. कंदाला उभी चीर द्या, सुरीचं टोक घालून उचला, दोन्ही साली मिळून पट्टीसारख्या निघतात. मधली दोऱ्यासारखी शीरही काढा. मग एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. आकार खरंच महत्त्वाचा आहे: मोठ्या तुकड्यांतून पाण्यात साधारण पाव विष निघतं, अगदी लहान तुकडे आणि भरपूर पाणी असेल तर पाऊण. अर्धा किलोला अडीच लिटर गार पाणी घ्या आणि त्यातच तुकडे टाकून मंद आचेवर चढवा, म्हणजे पाणी कोमट असताना एन्झाइमला काम करायला वेळ मिळतो. उकळी आल्यावर दहा मिनिटांनी पाणी फेका, नवीन पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. तरी कडू लागला तर तो कडू जातीचा कंद आहे, या कृतीनं सुरक्षित होणार नाही, टाकून द्या. चिरल्यावर आत निळसर-काळ्या रेषा दिसल्या तर कंद शिळा आहे. ती वेगळी खराबी, पण तोही घेऊ नये.

वाळवणाचं असं आहे, की एन्झाइमला ओल लागते. नागपूरच्या मे महिन्यात पातळ काप काही तासांत खडखडीत होतात, एन्झाइम अर्ध्यावर थांबतं आणि लिनामरिन कापात तसंच टिकतं. म्हणजे ऊन जितकं कडक, तितकं विष जास्त उरायची शक्यता. काप हवेच असतील तर आधी वरीलप्रमाणे उकळून, पाणी फेकून मग वाळवा. साबुदाण्याला ही भीती नाही, कारण कंद किसून, भरपूर पाण्यात धुऊन फक्त स्टार्च घेतलेला असतो.

खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, धाप लागणं सुरू झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना नेमकं सांगा. लहान मुलांना तेवढ्याच घासानं जास्त त्रास होतो, वजन कमी असल्यामुळे. आणि कप्प्याच्या ताज्या साली, पानं किंवा उकळीचं पाणी गाय-बकरीसमोर टाकू नका, त्यांनाही हेच विष बाधतं.