हँडब्रेकचा डेडझोन आधी मोजा, मग लावा

रेसिंग गेमसाठी नवीन हँडब्रेक लावल्यावर गेममधली गाडी सरळ रस्त्यावरही जड वाटते, ड्रिफ्ट मध्येच मरतो, असं होत असेल तर आधी लिव्हर सोडलेला असताना गेमला काय दिसतंय ते बघा. विंडोजमध्ये `joy.cpl` उघडा, लिव्हर दोन-चार वेळा पूर्ण ओढून सोडा आणि अ‍ॅक्सिसची खूण कुठे स्थिरावते ते पाहा. माझा सेन्सर सोडल्यावरही 3 टक्क्यांवर थांबायचा, म्हणजे मागची चाकं सतत थोडी धरलेली. कॅलिब्रेशन पुन्हा केलं तरी तो 2 ते 4 मध्ये हलत राहिला, म्हणून खालचा डेडझोन, म्हणजे गेमने दुर्लक्ष करायचा सुरुवातीचा भाग, 5 टक्के ठेवला. भीतीपोटी 15-20 ठेवू नका; लिव्हरचा सुरुवातीचा भाग मेल्यासारखा होतो आणि हलकी ओढ देताच येत नाही.

वरच्या टोकाला सॅच्युरेशन, म्हणजे गेम जिथे पूर्ण ओढ मानतो ती जागा, 85 टक्क्यांच्या आसपास ठेवा. ड्रिफ्टच्या घाईत हात शेवटपर्यंत जात नाही, तरी चाकं पूर्ण लॉक व्हायला हवीत.

मॅपिंग करताना हँडब्रेक बटण म्हणून नाही, अ‍ॅक्सिस म्हणूनच द्या. सिक्वेन्शियल शिफ्टरची मात्र दोन साधी बटणं असतात: मागे ओढलं की गिअर वर, पुढे ढकललं की खाली. शिफ्टर नेमताना गेमने भलतंच इनपुट पकडलं, तर बहुतेक वेळा तो थरथरणारा हँडब्रेकच असतो. तेवढ्यापुरती त्याची केबल काढा, शिफ्टर नेमा, मग परत जोडा.